जुनी रिजीम की नवी? भाचीच्या फॉर्म 16 वरून मांडलेला हिशेब

"मामा, भाडंच दोन लाख चौसष्ट हजार भरलंय मी. पीएफ आहे, एलआयसी आहे, आईबाबांचा मेडिक्लेम आहे. म्हणजे मला जुनीच फायद्याची ना?"

जूनमध्ये फॉर्म 16 मिळाला की आमच्या घरात असे फोन सुरू होतात. मी एका कंपनीत पगारपत्रकाचं काम बघतो, त्यामुळे नातेवाइकांच्या लेखी मी फुकटचा कर सल्लागार. भाची पुण्यात नोकरी करते, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आयकर कोणत्या रिजीमने, म्हणजे कोणत्या पद्धतीने मोजून कापायचा, असं कंपनीने विचारलं तेव्हा मैत्रिणीने सांगितलं म्हणून तिने 'जुनी' लिहून दिली होती. हिशेब कुणीच केला नव्हता. तो आम्ही एका रविवारी कागदावर केला, तोच इथे क्रमाने देतो. आकडे तिचे आहेत. तुमचे घालताना पायऱ्या मात्र याच ठेवा.

हा सगळा हिशेब आर्थिक वर्ष 2025-26 चा, म्हणजे 1 एप्रिल 2025 ते 31 मार्च 2026 या काळातल्या पगाराचा आहे. एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा लागू झालाय, पण या वर्षाच्या उत्पन्नाला 1961 चाच कायदा लागतो. म्हणून 80सी, 80डी ही ओळखीची कलमं इथे तशीच येतील.

आधी एक चाळणी

कागद-पेन घेण्याआधी एक गोष्ट बघा. नव्या रिजीममध्ये करपात्र उत्पन्न 12 लाखांपर्यंत असेल तर कलम 87ए च्या सवलतीमुळे कर शून्य होतो. पगारदाराला वर 75,000 चं स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. म्हणजे ज्याचा वर्षाचा ढोबळ पगार 12,75,000 पर्यंत आहे आणि दुसरं काही उत्पन्न नाही, त्याने तुलना करत बसायची गरजच नाही. शून्याहून कमी कर कुठली रिजीम देणार?

यात दोन खाचा आहेत. एफडीचं व्याज धरून आकडा 12 लाखांच्या थोडा वर गेला तरी एकदम साठ-सत्तर हजारांचा कर बसत नाही. समजा करपात्र उत्पन्न 12,20,000 झालं. स्लॅबने कर 63,000 येतो, पण 12 लाखांच्या वर मिळालेले फक्त 20,000 आहेत, म्हणून कर 20,000 वरच थांबतो आणि वर 4 टक्के सेस. दुसरी खाच म्हणजे शेअर किंवा म्युच्युअल फंड विकून झालेला भांडवली नफा. ज्या नफ्यावर वेगळ्या दराने कर लागतो, त्या करावर ही सवलत चालत नाही. तसा नफा असेल तर तो हिशेब वेगळा मांडा.

भाचीचा पगार या चाळणीच्या वर होता. म्हणून पुढे.

सीटीसी विसरा, ढोबळ पगार शोधा

तिने पहिला आकडा सांगितला तो 16,46,400. हा सीटीसी होता, ऑफर लेटरवरचा. त्यात कंपनी भरते तो पीएफ धरलेला असतो, आणि तो तिच्या करपात्र पगारात येत नाही. खरा आकडा बारा पगारस्लिपांवर असतो. तिची महिन्याची स्लिप अशी: मूळ पगार (बेसिक) 60,000, एचआरए 24,000, स्पेशल अलाउन्स 46,000. एकूण 1,30,000. वर्षाचे 15,60,000. फॉर्म 16 च्या भाग ब मध्ये वरच्या बाजूला हाच आकडा दिसला पाहिजे. वर्षात नोकरी बदलली असेल तर दोन्ही कंपन्यांचे फॉर्म 16 घ्या. दुसऱ्या कंपनीला पहिला पगार कळवला नसेल तर तिथल्या फॉर्ममध्ये अर्धंच वर्ष दिसेल, आणि दोन्ही ठिकाणी स्टँडर्ड डिडक्शन धरलेलं असेल. ते वर्षाला एकदाच मिळतं.

पगाराशिवायचं उत्पन्नही आत्ताच लिहून घ्या. ई-फायलिंग पोर्टलवर एआयएस नावाचं विवरण मिळतं, त्यात बँकांनी कळवलेलं व्याज असतं. भाचीच्या बचत खात्यावर 6,000 आणि एफडीवर 14,000 असं 20,000 व्याज निघालं. "पण बँकेने तर टीडीएस कापला नाही," ती म्हणाली. टीडीएस न कापणं म्हणजे करमाफी नव्हे. हे 20,000 दोन्ही रिजीममध्ये धरायचे.

एचआरए: जिथे सगळे चुकतात

भरलेलं भाडं म्हणजेच मिळणारी सूट, हा तिचा समज होता. तसं नसतं. तीन आकडे काढायचे आणि त्यातला सगळ्यात लहान घ्यायचा.

पहिला आकडा म्हणजे प्रत्यक्ष मिळालेला एचआरए: 24,000 गुणिले 12, म्हणजे 2,88,000.

दुसरा, बेसिकच्या 40 टक्के. 7,20,000 च्या 40 टक्के म्हणजे पुन्हा 2,88,000. मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई या चार शहरांसाठी हे प्रमाण 50 टक्के आहे. 2025-26 च्या नियमांत पुणे त्यात नाही, कितीही महाग झालं तरी. बेसिकसोबत महागाई भत्ता मिळत असेल आणि तो निवृत्तीच्या लाभांसाठी धरला जात असेल, तर तोही बेसिकमध्ये मिळवायचा. सरकारी नोकरीत हे लागू पडतं, आयटीत सहसा नाही.

तिसरा, भाड्यातून बेसिकचे 10 टक्के वजा. भाडं 22,000 गुणिले 12, म्हणजे 2,64,000. त्यातून 72,000 वजा केले की 1,92,000 उरतात.

सगळ्यात लहान 1,92,000. म्हणजे तिच्या डोक्यातल्या 2,64,000 मधून 72,000 इथेच गळाले. भाडं मध्यम आणि बेसिक मोठं असेल तर बहुतेक वेळा हा तिसराच आकडा लहान निघतो, म्हणून मी आधी तोच काढतो.

वर्षात भाडं, बेसिक किंवा घर बदललं असेल तर हा हिशेब बारा महिन्यांचा एकत्र करू नका, तुकड्या-तुकड्याने करा. समजा ती जुलैअखेरपर्यंत आईबाबांकडे राहिली असती आणि ऑगस्टपासून फ्लॅट घेतला असता. मग सूट फक्त आठ महिन्यांची: भाडं 1,76,000, त्यातून आठ महिन्यांच्या बेसिकचे 10 टक्के म्हणजे 48,000 वजा, उरले 1,28,000. पूर्ण वर्षाचे 72,000 वजा केले असते तर 1,04,000 च आले असते. चूक स्वतःच्याच तोट्याची झाली असती.

कागदपत्रांचं म्हणाल तर वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असेल तर कंपनी घरमालकाचा पॅन मागते. भाडं बँकेतून गेलेलं असलेलं बरं. काहीजण आईवडिलांच्या घरात राहून त्यांना भाडं देतात. घर त्यांच्या नावावर असेल, पैसे खरोखर त्यांच्या खात्यात जात असतील आणि ते आपल्या उत्पन्नात दाखवत असतील, तर त्यात गैर काही नाही. नुसत्या पावत्या फाडल्या असतील तर हा आकडा तुलनेत धरूच नका. रिटर्नमध्ये आता एचआरएचा तपशील भरावा लागतो, आणि पुरावा नसलेल्या सुटीवर उभी असलेली जुनी रिजीम नोटीस आली की कोसळते.

जुन्या रिजीममधल्या बाकीच्या वजावटी

इथे माझा एकच आग्रह असतो: कमाल मर्यादा लिहू नका, प्रत्यक्ष भरलेले पैसे लिहा. 80सी म्हटलं की लोक डोळे मिटून दीड लाख लिहितात. भाचीनेही लिहिले. मग पगारस्लिप आणि पावत्या काढल्या.

तिचा स्वतःचा पीएफ महिना 7,200, वर्षाचे 86,400. कंपनीचा तेवढाच हिस्सा 80सी मध्ये येत नाही, आणि तिने तो मिळवला होता. एलआयसीचा हप्ता 18,000. पीपीएफमध्ये 30,000. झाले 1,34,400. मर्यादा दीड लाख आहे म्हणून 15,600 आपोआप मिळत नाहीत.

80डी मध्ये आईबाबांच्या मेडिक्लेमचे 38,000. बाबा 64 वर्षांचे, म्हणून तिथली मर्यादा 50,000, सगळे बसतात. तिच्या स्वतःसाठी कंपनीची ग्रुप पॉलिसी आहे, पण तिचा हप्ता कंपनी भरते, म्हणून भाचीला काही मिळत नाही. ज्यांच्या पगारातून आईवडिलांसाठीचा जादा हप्ता कापला जातो, त्यांनी मात्र तो धरावा. तो स्लिपवर दिसतो आणि लोक विसरतात. हप्ता रोखीने भरलेला चालत नाही.

बचत खात्याच्या व्याजाला 80टीटीए खाली 10,000 पर्यंत वजावट, तिचे 6,000. एफडीच्या व्याजाला ही वजावट नाही. व्यवसाय कर, म्हणजे स्लिपवरचा 'पीटी', महिना 200 आणि फेब्रुवारीत 300, वर्षाचे 2,500. आणि जुन्या रिजीमचं स्टँडर्ड डिडक्शन 50,000.

नव्या रिजीममध्ये यातलं काय मिळतं? एचआरए नाही, 80सी नाही, 80डी नाही, 80टीटीए नाही, पीटीसुद्धा नाही. स्टँडर्ड डिडक्शन तेवढं 75,000. कंपनी तुमच्या एनपीएस खात्यात पैसे भरत असेल तर त्याची वजावटही मिळते. त्याकडे शेवटी येतो.

दोन रकाने

आता कागदाच्या मध्ये रेघ मारा.

| | जुनी | नवी |
|---|---|---|
| ढोबळ पगार | 15,60,000 | 15,60,000 |
| एचआरए सूट | − 1,92,000 | 0 |
| स्टँडर्ड डिडक्शन | − 50,000 | − 75,000 |
| व्यवसाय कर | − 2,500 | 0 |
| व्याज | + 20,000 | + 20,000 |
| 80सी | − 1,34,400 | 0 |
| 80डी | − 38,000 | 0 |
| 80टीटीए | − 6,000 | 0 |
| करपात्र उत्पन्न | 11,57,100 | 15,05,000 |

इथे भाची खूश. जुन्यात करपात्र उत्पन्न साडेतीन लाखांनी कमी! बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो आणि निर्णय चुकतो, कारण दोन्ही बाजूंचे दर वेगळे आहेत.

जुनी रिजीम, साठीच्या आतल्यांसाठी: पहिल्या अडीच लाखांवर काही नाही, अडीच ते पाच लाखांवर 5 टक्के, पाच ते दहा लाखांवर 20 टक्के, त्यापुढे 30 टक्के. भाचीचे पहिले दहा लाख संपेपर्यंत कर झाला 1,12,500. उरलेल्या 1,57,100 वर 30 टक्क्यांनी 47,130. एकूण 1,59,630. त्यावर 4 टक्के सेस धरून, दहाच्या पटीत, 1,66,020.

नवी रिजीम: पहिले चार लाख मोकळे, मग दर चार लाखांना पाच-पाच टक्क्यांनी चढतं. चार ते आठवर 5, आठ ते बारावर 10, बारा ते सोळावर 15, सोळा ते वीसवर 20, वीस ते चोवीसवर 25, आणि त्यापुढे 30. भाचीचे पहिल्या बारा लाखांवर 20,000 अधिक 40,000, म्हणजे 60,000. उरलेल्या 3,05,000 वर 15 टक्क्यांनी 45,750. एकूण 1,05,750, सेससह 1,09,980.

फरक 56,040 रुपयांचा, आणि तो नवीच्या बाजूने. जुन्यात दहा लाखांच्या पुढचा प्रत्येक रुपया 30 टक्क्यांनी कापला जातो. नव्यात तीस टक्क्यांचा दर चोवीस लाखांनंतर सुरू होतो. साडेतीन लाखांच्या वजावटीने ही दरी भरत नाही.

भाची कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण मग मी दीड लाख पूर्ण केले असते तर?" हाच खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर अंदाजाने द्यायचं नसतं.

उलटा हिशेब: अजून किती वजावट लागली असती?

नव्या रिजीमचा सेसआधीचा कर 1,05,750. जुन्यात तेवढाच कर यायला करपात्र उत्पन्न किती हवं? पाच लाखांपर्यंतचे 12,500 वजा केले की 93,250 उरतात. हे 20 टक्क्यांच्या टप्प्यातले, म्हणजे 4,66,250 रुपयांवरचा कर. म्हणून बरोबरीचा आकडा 9,66,250. भाचीचा आत्ताचा 11,57,100. तूट 1,90,850 रुपयांची.

तुमच्या हिशेबात नव्याचा कर 1,12,500 च्या वर येत असेल तर बरोबरीचा आकडा दहा लाखांच्या पुढे जातो. तेव्हा 1,12,500 वजा करून उरलेल्याला 30 टक्क्यांच्या दराने भागायचं. पगार 24,75,000 च्या वर गेला की एक सोपा ठोकताळा मिळतो: स्टँडर्ड डिडक्शन सोडून आठ लाखांच्या वर वजावटी असतील तरच जुनी परवडते. (50 लाखांच्या पुढे सरचार्ज येतो, तो इथे धरलेला नाही.)

आता भाचीची 1,90,850 ची तूट कशाने भरते ते बघू. 80सी पूर्ण केलं तर 15,600. स्वतःहून एनपीएसमध्ये 50,000 घातले तर 80सीसीडी(1बी) खाली तेवढे. दोन्ही मिळून 65,600. अजून सव्वा लाख कमीच. म्हणजे फेब्रुवारीत कुणीतरी गळ्यात मारायला निघालेली ती नवी पॉलिसी तिने घेतली असती, तरी करात काडीचा उपयोग झाला नसता. उलट हप्ता पुढची पंधरा-वीस वर्षं मानेवर बसला असता.

मग उरतं गृहकर्जाचं व्याज. राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाला जुन्यात दोन लाखांपर्यंत वजावट मिळते, नव्यात काहीच नाही. पण ज्या घराचं कर्ज त्याच घरात ती राहायला गेली, तर भाडं संपतं आणि एचआरएचे 1,92,000 जातात. एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने द्यायचं, असा तो प्रकार.

दोन्ही एकत्र मिळण्याचा एक सरळ प्रसंग असतो, आणि आपल्याकडे तो बऱ्याच घरांत असतो. गावाकडचं घर मुलीने कर्ज काढून बांधलंय, आईवडील तिथे राहतात, मुलगी पुण्यात भाड्याने. समजा भाचीचं सांगलीत असं घर असतं आणि वर्षाचं व्याज 1,40,000. मुद्दलाच्या हप्त्याने 80सी चे उरलेले 15,600 ही भरले असते. मग करपात्र उत्पन्न 10,01,500, कर सेससह 1,17,470. तरीही नवी 7,490 रुपयांनी स्वस्त! त्यावर एनपीएसमध्ये 50,000 घातले की करपात्र उत्पन्न 9,51,500 होतं, कर 1,06,910. आता कुठे जुनी जिंकली, 3,070 रुपयांनी. गृहकर्ज, भाडं, पूर्ण 80सी, मेडिक्लेम आणि साठीपर्यंत बहुतांशी अडकणारे पन्नास हजार, एवढी जुळवाजुळव करून तीन हजार रुपये.

हे वाचून 'जुनी रिजीम मेलीच' असं समजू नका. मुंबईत पन्नास हजार भाडं, मोठा एचआरए आणि गावाकडच्या घराचं पूर्ण दोन लाख व्याज, असा माणूस माझ्याच ऑफिसात आहे आणि त्याला जुनीच परवडते. उलटा हिशेब करायचा तो यासाठीच. तूट किती हे कळलं की ती भरण्यासारखी आहे का, हे स्वतःलाच दिसतं.

आणि नवी घेतली म्हणून पीपीएफ किंवा मेडिक्लेम बंद करायचं कारण नाही. पीपीएफचं व्याज दोन्ही रिजीममध्ये करमुक्तच आहे. आईबाबांचा मेडिक्लेम करासाठी काढलेला नसतो.

रिटर्न भरताना

एप्रिलमध्ये कंपनीला सांगितलेली रिजीम ही फक्त टीडीएस कापण्यापुरती असते. पगारदाराला, ज्याला धंद्याचं उत्पन्न नाही, रिटर्न भरताना ती बदलता येते, आणि दर वर्षी नव्याने ठरवता येते. भाचीच्या कंपनीने जुन्याप्रमाणे 1,61,650 कापले होते. (व्याजाचे 20,000 कंपनीला माहीत नव्हते, म्हणून आमच्या आकड्यापेक्षा थोडे कमी.) नवीत कर 1,09,980. म्हणजे परतावा 51,670.

तीन ठिकाणी जपा. रिटर्नच्या फॉर्ममध्ये प्रश्न उलटा विचारलेला असतो: नव्या रिजीममधून बाहेर पडायचं आहे का? 'हो' म्हणजे जुनी, 'नाही' म्हणजे नवी. नवी हवी म्हणून उत्साहाने 'हो' करणारे मी पाहिलेत. आकडे भरून झाले की शेवटच्या पानावरचा कर तुमच्या कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा. दोन-चार रुपयांपेक्षा जास्त फरक असेल तर सबमिट करू नका, आधी ही टिक तपासा.

दुसरं, फॉर्म 16 जुन्या रिजीमचा असेल तर त्यात एचआरएची सूट आणि 50,000 चं स्टँडर्ड डिडक्शन आधीच वजा केलेलं असतं. त्यातला खालचा निव्वळ आकडा उचलून नव्या रिजीममध्ये टाकला तर चुकीची सूट घेतल्यासारखं होतं. नेहमी वरच्या 15,60,000 पासून सुरुवात करा.

तिसरं, तारीख. ज्यांना जुनी हवी आहे त्यांनी 31 जुलै 2026 च्या आत रिटर्न भरलंच पाहिजे. मुदत चुकली की जुनी निवडता येत नाही, रिटर्न नव्यानेच जातं, मग वजावटी कितीही असोत. नवी घेणाऱ्याला उशिराचा दंड बसेल, पण हा फटका बसत नाही.

पुढच्या वर्षासाठी एक फोन

परताव्याचा आकडा बघून भाचीने विचारलं, "मग नवीत वाचवायला काहीच नाही का?"

एक आहे. कंपनीच्या एचआरला विचारायचं की स्पेशल अलाउन्समधले काही पैसे कंपनीच्या वाट्याचा एनपीएस म्हणून वळवता येतील का. नव्या रिजीममध्ये बेसिकच्या 14 टक्क्यांपर्यंत ही वजावट मिळते. भाचीच्या बेसिकवर ते होतात वर्षाला 1,00,800. 15 टक्क्यांच्या टप्प्यात यातून 15,120 आणि सेस धरून जवळपास 15,725 रुपये वाचतात. मात्र हातात येणारा पगार महिन्याला 8,400 नी कमी होतो, करातली बचत धरून साधारण सात हजारांनी, आणि ते पैसे निवृत्तीपर्यंत बहुतांश अडकतात. स्वतःच्या खिशातून एनपीएसमध्ये भरलेल्याला नव्यात काही मिळत नाही, पैसे कंपनीच्या मार्फतच जायला हवेत.

तिने थोडा विचार केला. "फ्लॅटसाठी डाऊन पेमेंट जमवतेय रे मामा. एवढे नको अडकवायला." बरोबर होतं तिचं. एनपीएसचा विषय तिथेच मिटला, आणि सोमवारी तिने एचआरला या वर्षासाठी 'नवी' असं एका ओळीचं मेल पाठवलं.